सावळ्या हाताला कोणती डायल?

परवा भाचीला घेऊन घड्याळाच्या दुकानात गेले होते. तिला नुकतीच शाळेत नोकरी लागली आहे. वर्गात सारखा मोबाइल काढून वेळ बघणं बरं दिसत नाही आणि परीक्षेच्या वर्गात तो न्यायचाच नसतो. म्हणून पहिल्या पगाराचं घड्याळ. ती सावळी आहे, अगदी माझ्या आईवर गेलेली. तिने काळ्या डायलच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, तसे दुकानदार पटकन म्हणाले, "ताई, काळं नको यांना. सावळ्या हाताला पांढरीच डायल उठून दिसते." भाचीने नकळत ओढणीचं टोक मनगटावर ओढून घेतलं. ते बघून मला फार वाईट वाटलं. लहानपणापासून गुलाबी नको, काळा नको, गडद नको हे ऐकत आलेली पोर. आता घड्याळातही तेच!

मैत्रिणींनो, दुकानदाराचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. घड्याळ हातात घालून नीट बघा. डायल आपल्या कातडीला टेकतच नाही. तिच्याभोवती धातूची चौकट असते आणि दोन्ही बाजूंना पट्टा. त्वचेला लागून असतात ते चौकट आणि पट्टा. त्यामुळे अंगाच्या रंगाशी आधी जुळवायचा तो धातू. डायलचा खरा संबंध येतो तो आपल्या कपाटाशी आणि डोळ्यांशी.

धातू कसा ठरवायचा? मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर सोनेरी आणि निळसर दिसल्या तर चंदेरी शोभतं, असं सांगतात. पण सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत. त्यापेक्षा एका हातात सोनेरी बांगडी, दुसऱ्या हातात चंदेरी कडं घाला आणि दिवसाच्या उजेडात दारात उभ्या राहा. ज्या हाताची कातडी तजेलदार दिसते, तो आपला धातू. ज्या हाताची राखाडी किंवा निस्तेज वाटते, तो नाही. गोऱ्या बायकांतही काहींची कांती पिवळसर असते, काहींची गुलाबीसर, म्हणून गोरी की सावळी एवढ्यावर काही ठरत नाही. भाचीला सोनेरी स्पष्ट खुलत होतं, शिवाय रोजच्या बांगड्याही त्याच रंगाच्या.

दुकानात जाण्याआधी आम्ही आणखी एक काम केलं होतं. तिचे शाळेत घालायचे 14 कपडे पलंगावर मांडले. 5 लाल, मरून किंवा राणी रंगाचे, 4 पिवळे-विटकरी, 3 क्रीमवर छापाचे आणि 2 हिरवे. निळा एकही नाही! आपलं कपाट आपल्याला पाठ असतं असं वाटतं, पण मांडून मोजल्याशिवाय खरं चित्र कळत नाही.

मग एकेक डायल बघायला लागलो. पांढरी कशावरही चालते आणि काळे आकडे, काळे काटे असतील तर सगळ्यांत चटकन वाचता येते. चाळिशी लागल्यापासून मी स्वतः तीच वापरते. सावळ्या मनगटावर ती ठळक दिसते हेही खरं. खूप गोऱ्या हातावर चंदेरी चौकटीत मात्र ती जरा फिकी पडते. तिथे क्रीम किंवा हस्तिदंती छटा बरी. पण दुकानदारांनी पुढे केलेल्या घड्याळात पांढऱ्या डायलवर सोनेरी बारीक काटे होते. फोटोत सुंदर! हातात घातल्यावर उजेड पडला की काटे गायब. भाची डोळे बारीक करून म्हणाली, "मावशी, सव्वाचार की चार वीस?" तिथेच ते बाद झालं.

काळी डायल तिच्या हाताला मुळीच वाईट दिसत नव्हती. सोनेरी कडेमुळे हात आणि डायल वेगळे उठून दिसत होते. चौकट पट्ट्यासकट सगळंच काळं असतं, तर मात्र सावळ्या हातावर नक्षीचा उठाव गेला असता. काळ्यावर पांढरे काटे छान वाचता येतात. पण गडद डायलवरची काच आरशासारखी चमकते आणि धुळीचे डाग, चरे तिच्यावर चटकन दिसतात. शिवाय सारख्याच मापाची गडद डायल पांढरीपेक्षा लहान भासते, हे बारीक मनगटाच्या बायकांनी लक्षात ठेवावं. त्या दुकानातल्या काळ्या डायलवर आकडेच नव्हते, नुसते ठिपके. तास संपायला किती मिनिटं राहिली, हे शिक्षिकेला ठिपके मोजून काढायला लागलं तर काय उपयोग? म्हणून तीही नाही. रंगामुळे नव्हे, आकड्यांमुळे.

हिरवी डायल अलीकडे फार दिसते. बाटलीसारखा गडद हिरवा सोनेरी चौकटीत झकास दिसतो आणि मरून, मोहरी, क्रीम या रंगांवर खुलतो. अडचण येते ती हिरव्यावर हिरवा आला की. पोपटी कुर्त्यावर बाटली हिरवा खटकतो आणि लग्नात हिरवा चुडा भरला की बांगड्यांचा हिरवा आणि डायलचा हिरवा यांचं पटत नाही. हौसेचं दुसरं घड्याळ म्हणून हिरवं जरूर घ्या. एकुलतं एक असेल तर विचार करा.

राहिली निळी. तिचं वैशिष्ट्य असं की ती सोनेरी आणि चंदेरी दोन्ही धातूंबरोबर जमते. पिवळ्या-विटकरीवर ती उठावदार, क्रीमवर शांत, राणीवर आणि हिरव्यावरही चालते. म्हणजे भाचीच्या चौदाच्या चौदा कपड्यांवर. पण निळ्यात एक फसगत असते. बऱ्याच निळ्या डायलवर मधून कडेकडे किरणांसारख्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. दुकानातल्या प्रखर दिव्याखाली त्या लखलखतात, डायल मोरपिसासारखी दिसते. तेच घड्याळ अंधाऱ्या खोलीत काळंच वाटतं. म्हणून मी दुकानदारांना म्हटलं, "दोन मिनिटं बाहेर नेऊ का?" आधी रस्त्यावरच्या उन्हात बघितलं, मग जिन्याखालच्या सावलीत. पहिली निळी सावलीत पार काळी पडली. दुसरी थोडी उजळ, बिनचमकीची, तिच्यावर पांढरे आकडे आणि पांढरे काटे होते. जिन्याखालीही निळी ती निळीच दिसली आणि भाचीने वेळ एका नजरेत सांगितली. सोनेरी चौकट, विटकरी तपकिरी पट्टा. घेतलं.

पैसे देताना दुकानदार म्हणाले, "खरंच छान दिसतंय हो! मी उगीच पांढरी म्हणत होतो." मी हसले. त्यांचा काही दोष नाही, आपणही मुलींना हेच सांगत आलो. सावळ्या रंगाला काय चालत नाही याची यादी आपल्याला तोंडपाठ असते. तिच्या हाताला काय शोभतं, हे मात्र तिचा हात उजेडात धरून बघावं लागतं.

घरी येईपर्यंत रिक्षात भाचीने निदान पाच वेळा वेळ बघितली. ओढणी मनगटावर एकदाही आली नाही.