प्रश्न विचारा, निकाल देऊ नका

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या कोविड आयसीयूला आग लागली आणि दहाहून जास्त रुग्ण दगावले. हिवरे बाजारसारख्या आसपासच्या गावांचं हे जवळचं मोठं सरकारी रुग्णालय. त्यामुळे अशा बातमीवरची तुमची प्रतिक्रिया मृताचा पुतण्या वाचू शकतो, तिथल्या नर्सची मुलगीही.

‘नर्स कुठे होत्या?’ हा दिसायला प्रश्न, पण खरं तर निकालच. पुढे डॉक्टर-नर्सना अटक झाली, तेव्हा परिचारिका रस्त्यावर उतरल्या. वाद हाच होता, की आगीची जबाबदारी नेमकी कुणाची? पहिल्या तासात ते तुम्हाला-मला कसं कळणार? आणि नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं, तर वाचलेले रुग्ण त्यातून सुटतातच.

मग लिहायचं काय? असं बघा: ‘सणाच्या दिवशी घरचं माणूस गमावलेल्यांच्या दुःखात सहभागी आहोत. वाचलेले रुग्ण बरे होवोत. आग कशामुळे लागली, हे चौकशीतून जाहीर व्हावं.’

तीनच वाक्यं. गेलेले, वाचलेले आणि कारण, तिन्हींची दखल आहे. जाबही विचारलाय, फक्त कुणाला आधीच आरोपी केलेलं नाही.