कारल्याचा रस, रिकामे पोट आणि साखरेची गोळी

इनामगावच्या आमच्या वस्तीत साखरेचा आजार निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो : कारल्याचा रस अनशापोटी घ्या. कारल्याशी आमचे भांडण नाही. भाजी भाकरीबरोबर खुशाल खावी. आमचा विरोध आहे तो रिकाम्या पोटी रस आणि वर गोळी, या जोडीला.

समजा, खुरपणीला जाणाऱ्या साठीतल्या एक मावशी आहेत. सकाळी सहाला पेलाभर रस घेतला, मागोमाग ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी खाण्याबरोबर घ्यायची असते. पण टेम्पो आला म्हणून भाकरी फडक्यात बांधून त्या निघाल्या. दहाच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरू लागले, छातीत धडधडले, मग बोलणे भलतेच होऊ लागले. सोबतच्या बाया म्हणतात ऊन लागले, आणि सावलीत झोपवतात. इथेच घात होतो. साखर आणखी उतरते आणि शुद्ध जाते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी गेली की नाही, हे ती पाहत नाही, आणि तिचा असर दिवसभर राहतो. त्यात कारलेही थोडी साखर उतरवू शकते. किती, ते कुणी सांगावे? गोळीवर २ मिलिग्रॅम लिहिलेले असते, पेल्यावर काहीच नसते. आज दोन कारली, उद्या चार. अशाच जातीच्या एका जुन्या गोळीबरोबर कारल्याची भाजी खाल्ल्याने असर वाढल्याची नोंद ब्रिटनच्या ‘लॅन्सेट’मध्ये १९७९ सालीच आली होती.

नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका बराच कमी. इन्शुलिन घेणाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्याला जास्त.

अशी लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. यंत्र असेल तर तपासावे, ७०च्या खाली म्हणजे साखर उतरलेलीच. यंत्र नसेल तर वाट पाहू नये. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, नंतर भाकरी खायला घालावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, ठसका लागून जीव जाईल. कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. आणि माणूस उठून बसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण गोळीचा असर संपलेला नसतो, साखर दुपारी पुन्हा उतरू शकते.

यानंतर घरात एक उलटाच निर्णय होतो : गोळी गरम पडली, ती बंद, रस चालू. आमच्या मते ही आधीच्याहून मोठी चूक. रस गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि वाढलेली साखर महिनोन्‌महिने कळतही नाही. बंद करायचा तो रस. गोळी कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. पण रस घेत होतो हे त्यांना सांगितले तरच. लाजून आपण नेमके तेवढेच लपवतो.