केटीचा शेवटचा मेसेज

फ्रेंड्स, या आठवड्यात कॉलमची जागा मी जरा पर्सनल कामासाठी वापरतेय. खालचं पत्र माझ्या कॉलेजच्या चौघांना आहे. ग्रुपवर टाकलं असतं, तर दोन मिनिटांत पश्याने त्यावर जोक टाकला असता आणि विषय संपला असता. छापील पानावर निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल!

डिअर पश्या, मन्या, सुलू आणि डब्बू,

गेल्या महिन्यात सुलूच्या घरी आपण जमलो होतो. पावभाजी झाली, जुने फोटो झाले. तेवढ्यात सुलूच्या चार वर्षांच्या लेकीने मला विचारलं, "केटीमावशी, केटी म्हणजे काय?" मी तोंड उघडायच्या आत मन्या म्हणाला, "नापास!" तुम्ही सगळे हसलात. मीही हसले. घरी जाताना ट्रेनमध्ये लक्षात आलं की, मी हे हसू चौदा वर्षं हसतेय आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एटीकेटी म्हणजे 'अलाऊड टू कीप टर्म्स'. एखाद-दुसरा विषय राहिला तरी तुम्हाला पुढच्या वर्षात जाऊ देतात, राहिलेला पेपर मागाहून द्यायचा. आमच्या इंजिनीअरिंगला सेकंड इयरचा एम-३ हा त्यातला ठरलेला विषय. लाप्लास, फुरिए वगैरे मंडळी तिथेच भेटतात. पासिंग ४०, मला पडले ३१. वर्गात केटी लागलेले अर्ध्याहून जास्त होते, पण पहिल्या बाकावर बसणारी मी एकटीच होते. म्हणून नाव मला चिकटलं.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते सांगते. आईला विचारूनच लिहितेय. त्या डिसेंबरात आई घर सोडून नाशिकला मामाकडे गेली होती. सहा आठवडे. परत येईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सकाळी धाकट्या भावाचा आणि बाबांचा डबा करून कॉलेजला यायचे. एम-३च्या आदल्या रात्री भावाला ताप होता आणि मी पुस्तकाऐवजी थर्मामीटर घेऊन बसले होते. तुम्ही रिझल्टच्या दिवशी "केटीऽऽ" म्हणून ओरडलात ना, तेव्हा मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं होतं. एकदा जोक झाला की 'काय झालं होतं गं?' असं कुणी विचारत नाही. त्यामुळे तुमच्यावर राग नाहीये. तेव्हा ते नाव मला हवं होतं. आता नकोय, एवढंच.

मला माहितीये, पश्या म्हणेल, "टोपणनाव कुणी स्वतःचं स्वतः ठेवतं का?" बरोबर आहे. आपल्याकडे हे काम दुसऱ्यांचं. प्रशांतचा पश्या झाला, मनोजचा मन्या झाला, त्यांना कुणी विचारलं होतं? नावाचा पुढचा तुकडा तोडायचा, त्याला 'या' जोडायचा, की झाला माणूस आपला. मुलींच्या वाट्याला बहुतेक वेळा 'ऊ' येतो. सुलभाची सुलू, मनीषाची मनू. पण मराठीत लेखकाच्या नावालाही आपण टोपणनावच म्हणतो, आणि ते ज्याचं तोच घेतो. शिरवाडकर धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून कुसुमाग्रज झाले. त्यांना कुणी अडवलं नाही. मी कविता करत नाही, हे तुमचं नशीब, पण तेवढी सवलत मला द्या.

शिवाय एक आठवण करून देते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायला मी नकार दिला, तेव्हा सगळ्यात मोठी टाळी डब्बूची होती. "आमची केटी कुणाच्या बापाला ऐकत नाही!" असं तूच ओरडला होतास ना रे? सासरची मंडळी जेवताना विचारत होती, सुनेचं नाव कॅथरीन वगैरे आहे का!

तर नवीन नाव आहे वैजू. आईबाबांनी ठेवलेलं वैजयंती चार अक्षरांचं आहे, भारदस्त आहे, पण प्लॅटफॉर्मवर हाक मारायला जमत नाही. मी ते घाईत ठरवलेलं नाही. आधी ऑफिसात 'व्ही' करून बघितलं. दोन आठवडे मेलच्या खाली तेच लिहिलं, पण एकानेही तशी हाक मारली नाही. बाबा अधूनमधून 'जयू' म्हणतात, पण आमच्या टीममध्ये ऑलरेडी एक जयू आहे. मग वैजूची ट्रायल घेतली. मिक्सर चालू असताना भावाला बाहेरच्या खोलीतून हाक मारायला सांगितली. 'वैजयंती'चं शेपूट मिक्सरमध्ये गेलं. 'वैजूऽऽ' मात्र आलं ऐकू. शेवटचा ऊ हवा तेवढा लांबवता येतो. आणि रागावून म्हटलं तरी त्यात कुणाची मार्कशीट निघत नाही.

हे नाव अजून कुणाचंच नाहीये, म्हणून मला ते तुमच्यापासून सुरू करायचंय. ऑफिसात मी वैजयंतीच राहणार.

आता थोडं कामाचं. सगळ्यात आधी फोनमधलं नाव बदला. मी फोन केला की स्क्रीनवर 'केटी' दिसतं आणि तोंडातून तेच निघतं. सवय जिभेला असते तशी फोनलाही असते. ग्रुपचं 'केटी अँड कंपनी' हे नाव मी बदलू शकते, पण मला ते तुमच्यापैकी कुणीतरी बदललेलं आवडेल. चुकून 'केटी' गेलं तर 'अगं सॉरी, वाईट नको वाटून घेऊस' असं पाच मिनिटं करू नका. नाहीतर मलाच तुमची समजूत घालत बसावं लागतं! 'वैजू' म्हणा आणि वाक्य पुढे न्या. मी समोर नसताना मात्र जरा जास्त लक्ष द्या. समोर सगळेच सांभाळतात. पाठीमागे जे नाव वापरता, तेच पुढच्या भेटीत पहिलं बाहेर येतं.

जुन्या किश्श्यांमध्ये केटी राहिली तरी माझी हरकत नाही. माथेरानला घोड्यावरून पडली ती केटीच होती, तिथे वैजूला घुसवायचं काही कारण नाही. मन्या, तुला वेळ लागेल हे मी धरून चाललेय. तू अजून सुलूच्या नवऱ्याला 'तो बँकवाला' म्हणतोस. चार-सहा महिने लागले तरी चालतील. मात्र सुलूच्या लेकीच्या बाबतीत सवलत नाही. तिला मी वैजूमावशीच. तिने अर्थ विचारलाच तर वैजयंती म्हणजे माळ, एवढं सांगा आणि थांबा.

आणि सुलू, तू त्या रात्री सगळ्यांच्या नंतर हसलीस, तेही अर्धवट. ते मी पाहिलं होतं. थँक्स.

शनिवारी आठ वाजता नेहमीच्या ठिकाणी भेटू. पाच जणांचं टेबल वैजूच्या नावाने बुक केलंय. दारात जाऊन केटीचं टेबल विचारलंत, तर तो माणूस रजिस्टर बघून नाही म्हणेल.

तुमची,
वैजू