बहात्तर तपासण्या, बारा ठळक आकडे

ट्रॉम्बेच्या एका शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांची ही हकिगत आहे. वय एकाहत्तर. त्यांच्या चिरंजीवांचे किराणा मालाचे दुकान आहे. दुकानातील सर्वांसाठी घेतलेल्या आरोग्य तपासणीच्या योजनेत त्यांनी वडिलांचेही नाव घातले. एके सकाळी सात वाजता प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त व लघवीचे नमुने घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी अकरा पानांचा अहवाल हाती पडला. त्यात एकूण बहात्तर तपासण्या होत्या. त्यांपैकी बारांचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले, आणि प्रत्येकापुढे ‘जास्त’ किंवा ‘कमी’ अशी खूण.

मास्तरांनी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. बहात्तरांपैकी बारा चुकीची, म्हणजे सहावा हिस्सा बिघडलेला, असा सरळ हिशेब त्यांनी केला. चिरंजीव अधिकच घाबरले. बिलिरुबिन वाढलेले म्हणून यकृताचे डॉक्टर, युरिया वाढलेला म्हणून मूत्रपिंडाचे, रक्तपेशींचे आकडे बिघडलेले म्हणून रक्ताचे, अशा तीन तज्ज्ञांच्या वेळा त्यांनी संध्याकाळपर्यंत ठरवून टाकल्या. शेजारच्या एका हितचिंतकांनी युरिक ॲसिडचा आकडा पाहून डाळी आणि दही दोन्ही बंद करायला सांगितले. दही बंद करण्याचा सल्ला किती महागात पडला असता, ते पुढे येईलच.

सुदैवाने मास्तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अहवाल हातात घेतला, पण ठळक आकड्यांकडे न पाहता प्रश्न विचारला, “मास्तर, नमुना दिला त्या दिवशी तिथी कोणती होती?”

मास्तर म्हणाले, “चतुर्दशीचा चौविहार उपवास होता. पारण्याच्या आधी रक्त दिले. उपाशीपोटी द्यायचे असते ना?”

उपाशीपोटी म्हणजे साधारण आठ ते बारा तास. मास्तरांनी तेरसेला सूर्यास्तापूर्वी, सहाच्या सुमारास जेवण आटोपले होते. चतुर्दशीचा पूर्ण दिवस व रात्र अन्नपाण्यावाचून गेली आणि पौर्णिमेच्या सकाळी सातला नमुना दिला. म्हणजे सदतीस तास. एवढ्या अवधीत शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते. त्यातून तयार होणारे कीटोन लघवीत उतरतात आणि तेच कीटोन मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडण्यास अडथळा करतात. पाणी नसल्याने रक्त किंचित आटते आणि युरियाचा आकडा चढतो. बिलिरुबिनही दीर्घ उपवासात वाढते, विशेषतः त्याचा ‘अप्रत्यक्ष’ म्हणून छापलेला भाग. मास्तरांचे एकूण बिलिरुबिन १.९ होते, मर्यादा १.२ ची, त्यातले १.५ अप्रत्यक्ष होते. यकृताला इजा झाली असती तर त्याची विकरे, म्हणजे अहवालातील एसजीओटी आणि एसजीपीटी, बहुधा वाढली असती. ती दोन्ही मर्यादेत होती. अशा रीतीने एकूण व अप्रत्यक्ष बिलिरुबिन, युरिक ॲसिड, युरिया आणि कीटोन, या पाच खुणांवर बराच अंशी उपवासाचीच छाया होती. आपल्या घरांतून पर्युषणात, ओळीच्या दिवसांत किंवा पाक्षिक उपवासाच्या दुसऱ्या दिवशी असे नमुने किती सहज दिले जातात, याची कल्पना वाचकांना असेलच. नमुना घेणारा माणूस तिथी विचारत नाही. आपणच सांगितली पाहिजे, आणि शक्य तर नेहमीच्या आहाराचे तीन-चार दिवस मध्ये जाऊ देऊन मगच नमुना द्यावा.

दोन खुणा अगदीच किरकोळ होत्या. क्लोराइड १०७.६, मर्यादा १०७. आणि पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइट १.८ टक्के, खालची मर्यादा २. “या दोन का ठळक?” मास्तरांनी विचारले. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितले ते गणिताच्या मास्तरांना फार आवडले.

अहवालातील मर्यादा कशा ठरतात? बऱ्याच तपासण्यांसाठी पद्धत अशी: निरोगी माणसे निवडायची (निदान एकशेवीस असावीत असा प्रयोगशाळांचा दंडक आहे), त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले पंच्याण्णव टक्के घ्यायचे. म्हणजे व्याख्येनेच वीस निरोगी माणसांतला एक मर्यादेबाहेर पडतो. तो आजारी नसतो, टोकाला असतो, एवढेच. म्हणूनच फिनलंडचे डॉक्टर ग्रेसबेक यांनी १९६९ मध्ये ‘नॉर्मल’ हा शब्द टाळून ‘संदर्भमूल्य’ अशा अर्थाचा शब्द सुचवला. अनेक अहवालांवर आज तोच असतो. लोक मात्र अजूनही ‘नॉर्मल’च वाचतात.

मास्तरांनी तिथेच पाकिटाच्या मागे गणित मांडले. एका तपासणीत निर्दोष ठरण्याची शक्यता ०.९५. वीस तपासण्यांत सर्वच निर्दोष येण्याची शक्यता ०.९५ ला वीस वेळा गुणून ०.३६. बहात्तर तपासण्यांत ती ०.०२५ वर येते. म्हणजे चाळीस ठणठणीत माणसांनी ही योजना घेतली, तर एकाही खुणेशिवाय कोरा अहवाल जेमतेम एकाला मिळेल, आणि सरासरीने प्रत्येकाला तीन-चार खुणा भेट मिळतील. डॉक्टरांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. पहिली ही, की या तपासण्या एकमेकींपासून सुट्या नसतात, म्हणून गुणाकार तंतोतंत लागू पडत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची: साखर, कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा या पद्धतीने ठरलेल्या नाहीत. त्या आजाराचा धोका कुठून वाढतो ते पाहून ठरवल्या आहेत, म्हणून तेथे ‘वीसांतला एक’ म्हणून आकडा सोडून देता येत नाही.

बारांतून पाच आणि दोन गेल्या, उरल्या पाच. त्यांपैकी चार तांबड्या पेशींच्या होत्या. पेशींची संख्या ३.९, म्हणजे कमी. पेशीचे सरासरी आकारमान, ज्याला अहवालात एमसीव्ही म्हणतात, ते १०४, मर्यादा १०१. एका पेशीतील हिमोग्लोबिन जास्त. पेशींच्या आकारातील तफावत जास्त. व्यापारी वाचकांना हे चटकन कळेल: किर्दीत एक नोंद चुकली की ती खतावणीत, तेरजेत आणि ताळेबंदात सगळीकडे दिसते, पण चूक एकच असते. येथेही चार खुणा मिळून एकच गोष्ट सांगत होत्या, ती ही की पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या झाल्या आहेत. मौज अशी, की हिमोग्लोबिन १३.४ होते, मर्यादेच्या आत, म्हणून त्याला खूणच नव्हती. “रक्त तर चांगले आहे,” असे सूनबाई म्हणाल्या त्या त्याच आकड्यावरून.

पाचवी खूण दहाव्या पानावर होती. बी-१२ जीवनसत्त्व १४८, खालची मर्यादा २११. क्लोराइडच्या पुढे जशी ठळक खूण, तशीच याच्यापुढे. छापखान्याला दोघांत फरक करता येत नाही.

डॉक्टरांनी अहवाल मिटला आणि मास्तरांच्या पायांविषयी विचारले. तळव्यांना मुंग्या येतात का? येतात, वर्षभर. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असे होते का? मास्तर दचकले. दोनदा देरासरातून परतताना एका पायात चप्पल नसल्याचे दुसऱ्याने सांगितले होते. पहाटे अंधारात जिना उतरताना तोल जातो, तेही वयामुळेच असे त्यांनी धरले होते. डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून डोळे मिटून उभे केले. मास्तर डोलू लागले. कंप पावणारा चिमटा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, तर कंप जाणवेना. मज्जातंतूंना बी-१२ अभावी इजा होऊ लागली होती, आणि ती बऱ्याच काळ तशीच राहिली तर पुरती भरून येत नाही.

बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्याला ते दूध-दह्यातून मिळते. प्रौढाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची, तर एका मोठ्या पेल्याभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असते. मास्तरांनी दुधाचा त्याग काही वर्षांपूर्वी केला होता, वर्षातून दोनदा ओळीची आयंबिले होत, आणि दह्याच्या नावाने जेवणात अर्धी वाटी उरली होती. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून त्यागानंतर लगेच काही जाणवत नाही. त्यात आम्लपित्तावरची गोळी ते सहा वर्षे रोज, विनाचौकशी घेत होते. पोटातले आम्ल घटले की अन्नातले बी-१२ सुटे होऊन शोषले जाण्यात अडचण येते. मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही दीर्घकाळात असाच परिणाम होतो.

सूनबाईंनी आदल्याच दिवशी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या होत्या, रक्त वाढते म्हणून. डॉक्टरांनी त्या थांबवल्या. नुसत्या फॉलिक ॲसिडने पेशींचे आकडे सुधारतात, खुणा पुसल्या जातात आणि मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. सुरुवातीचे काही आठवडे एक दिवसाआड बी-१२ ची इंजेक्शने ठरली, नंतर लांबलेल्या अंतराने. मास्तरांचा एक प्रश्न आपल्या वाचकांनाही पडेल: हे औषध कशापासून? औषधातले बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून काढतात. मात्र कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून पुढे तोंडाने घ्यायची वेळ आली तर गोळी घ्यावी आणि पाकिटावरचे घटक वाचावेत. चतुर्दशीचा उपवास डॉक्टरांनी सोडायला सांगितला नाही. अर्धी वाटी दह्याचे मात्र दोन वाट्या झाले, आणि आम्लपित्ताची गोळी खरोखर लागते का हे पाहण्याचे ठरले. तीन तज्ज्ञांच्या वेळा चिरंजीवांनी रद्द केल्या.

आठवड्याने, नेहमीच्या आहारानंतर बारा तासांनी पुन्हा नमुना दिला. युरिया व युरिक ॲसिड मर्यादेत आले, कीटोन गेले. बिलिरुबिन १.३ वर अडले. मोठ्या झालेल्या पेशी अस्थिमज्जेतच लवकर मोडतात आणि त्यातूनही थोडे बिलिरुबिन येते, म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितले. तीन महिन्यांनी ते ०.८ झाले आणि एमसीव्ही ९४. चप्पल आता निसटत नाही. उजव्या तळव्याच्या मुंग्या मात्र अजून आहेत आणि त्यांना वर्षही लागू शकेल.

त्या तिसऱ्या अहवालात ठळक आकडे दोनच होते. एक मोनोसाइटचा, पुन्हा १.९ टक्के. दुसरा बी-१२ चा, या वेळी मर्यादेच्या कितीतरी वर, ‘जास्त’ अशी खूण असलेला. चिरंजीवांनी दुकानातून घाईघाईने फोन केला. मास्तरांनी त्यांना सांगितले, “अरे, इंजेक्शने चालू आहेत; ते वर जाणारच,” आणि पाकीट कपाटात ठेवून दिले.