दोन तुकड्या आणि एकच सरासरी

शाळेच्या पालकसभेत गुरुजी फळ्यावर दोन आकडे लिहितात. नववी ‘अ’ची गणिताची सरासरी ५२.५ आणि नववी ‘ब’ची सरासरीही ५२.५. दोन्ही तुकड्यांत वीस वीस मुले आणि दोन्हीकडे अठरा पास, म्हणजे निकाल नव्वद टक्के. “दोन्ही तुकड्या सारख्याच आहेत,” असे सांगून सभा संपते. कामावरची अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली आई घरी जाते. तिची मुलगी ‘ब’ तुकडीत आहे, तिला ३६ गुण आहेत, आणि सारखे म्हणजे कोणासारखे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आमच्या सदराच्या वाचक भगिनी-बंधूंना या वेळी आम्ही अशी एक मांडणी दाखवणार आहोत, जिला पाठकोरा कागद आणि पेन्सिल याखेरीज काही लागत नाही. तिला खोड-पान मांडणी म्हणतात. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून ही मांडणी सर्वदूर पोचवली. आकडेमोड करण्याआधी आकड्यांकडे नीट डोळे लावून पाहावे, असा या गृहस्थांचा आग्रह असे. खालचे गुण कुठल्या खऱ्या शाळेचे नाहीत. समजण्यासाठी आम्हीच घेतले आहेत.

नववी ‘अ’चे गुण असे: २८, ३४, ३८, ४१, ४३, ४६, ४७, ४९, ५१, ५२, ५४, ५५, ५६, ५८, ५९, ६२, ६३, ६६, ७१, ७७.

नववी ‘ब’चे गुण असे: २२, २७, ३५, ३५, ३५, ३६, ३७, ३८, ४१, ४३, ६१, ६४, ६६, ६८, ६९, ७१, ७२, ७४, ७७, ७९.

ज्यांना शंका असेल त्यांनी बेरीज करून पाहावी. दोन्हीकडे १०५० येते, म्हणून विसांनी भागल्यावर सरासरीही एकच येते.

आता मांडणी. प्रत्येक गुणाचे दोन तुकडे करायचे. दशकाचा आकडा म्हणजे खोड आणि एककाचा आकडा म्हणजे पान. ४१ या गुणात ४ हे खोड आणि १ हे पान. कागदाच्या मधोमध खोडांची उभी रांग लिहायची: २, ३, ४, ५, ६, ७. ‘अ’ची पाने खोडाच्या डावीकडे आणि ‘ब’ची उजवीकडे. दोन माणसे पाठीला पाठ लावून बसावीत तशा दोन्ही तुकड्या एकाच खोडाला टेकतात. डावीकडे एक गोष्ट सांभाळायची. लहान पान खोडाजवळ आणि मोठे पान लांब, म्हणून डावी बाजू खोडापासून बाहेर, उजवीकडून डावीकडे वाचायची.

```
      तुकडी अ | खोड | तुकडी ब
            ८ | २ | २ ७
          ८ ४ | ३ | ५ ५ ५ ६ ७ ८
    ९ ७ ६ ३ १ | ४ | १ ३
९ ८ ६ ५ ४ २ १ | ५ |
        ६ ३ २ | ६ | १ ४ ६ ८ ९
          ७ १ | ७ | १ २ ४ ७ ९

खूण: ४ | १ म्हणजे ४१ गुण
```

पाने सारख्या अंतरावर लिहा. एक पान ऐसपैस आणि दुसरे दाटीने लिहिले की ओळीची लांबी खोटे बोलू लागते, आणि इथे सगळे काम त्या लांबीचेच आहे. दोन्ही बाजूंची पाने मोजून वीस वीस भरतात ना, तेही पाहून घ्या. एखादे पान हमखास राहते.

आता कागद थोडा लांब धरून पाहा. डावीकडे एकच उंचवटा आहे. पन्नाशीच्या खोडाला सात पाने आहेत आणि वर-खाली दोन्हीकडे ती हळूहळू कमी होतात. ही एक तुकडी आहे, तिचा एक मधला भाग आहे. उजवीकडे मात्र दोन उंचवटे आहेत, एक तिशीत आणि दुसरा साठी-सत्तरीत. मधल्या पन्नाशीच्या खोडाला एकही पान नाही. रजिस्टरवर ती एक तुकडी असली तरी गणितात ती दोन तुकड्या झाली आहे.

सरासरीने हे कसे लपवले, तेही आता दिसते. ५२.५ हा आकडा ‘अ’मध्ये मुलांच्या गर्दीत पडतो. ५१, ५२, ५४, ५५ असे त्याच्या आजूबाजूला खूप जण आहेत. ‘ब’मध्ये तोच आकडा रिकाम्या जागेत पडतो. त्याच्या खाली सर्वांत जवळचा ४३ वर आणि वर सर्वांत जवळचा ६१ वर. मध्यक काढला तरी सुटका नाही. चढत्या क्रमातल्या दहाव्या आणि अकराव्या मुलाच्या मधला गुण म्हणजे मध्यक. ‘अ’चा ५३ येतो, ‘ब’चा ५२. जवळजवळ सारखेच. पण ‘ब’मध्ये ५२ च्या आसपास राहणारे कोणी नाहीच, तो मध्यक दोन गटांच्या मधल्या ओसाड जागेचा आहे.

म्हणूनच या मांडणीत एक चूक सर्वांत महागात पडते. पान नाही म्हणून पन्नाशीचे खोडच गाळणे. गाळले तर ४ च्या खाली लगेच ६ येतो, दोन्ही उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि सगळी गोष्ट नाहीशी होते. रिकामे खोड रिकामेच लिहायचे. ती रिकामी ओळही माहितीच आहे.

प्रत्येक फट इतकी बोलकी नसते, हेही सांगितले पाहिजे. ‘अ’मध्ये २८ नंतर एकदम ३४ आहे, ७१ नंतर ७७ आहे. कडेला मुले थोडी असतात तिथे अशा पाच-सहा गुणांच्या फटी पडतातच, त्यात अर्थ शोधत बसू नये. ‘ब’ची फट वेगळी आहे. ती अठरा गुणांची आहे, तुकडीच्या बरोबर मध्यात आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दहा दहा मुले आहेत. एक परीक्षा करून पाहता येते. प्रत्येक खोडाचे दोन भाग करा, ० ते ४ चे एक आणि ५ ते ९ चे दुसरे, आणि पुन्हा मांडा. कडेच्या लहान फटी इकडे तिकडे सरकतात. ‘ब’च्या मधली मात्र तीन ओळी सलग रिकामी दिसते: ४५ ते ४९, ५० ते ५४ आणि ५५ ते ५९.

हे खोड दोन भागांत चिरले की आणखी एक गोष्ट वर येते. तिशीचेच पाहा:

```
 ४ | ३० ते ३४ |
 ८ | ३५ ते ३९ | ५ ५ ५ ६ ७ ८
```

पास होण्याची रेषा आम्ही शंभरात ३५ धरली आहे. ‘अ’मध्ये एक मूल ३४ वर अडकून नापास झाले आहे. ‘ब’मध्ये २८ ते ३४ मध्ये कोणीच नाही आणि ३५ वर नेमकी तीन मुले. रेषेच्या अलीकडे ओसाड आणि रेषेवर गर्दी, असे दिसले की मनात प्रश्न येतो: तपासणाऱ्याने ३१-३२ वाल्यांना वर ओढले का? तसे असेल तर त्यामागे दयाच असेल, आम्ही कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण ज्या मुलाला खरे ३१ गुण आहेत ते पास दिसते, आणि नापासांसाठी जादा वर्ग लागतो तेव्हा त्याचे नाव यादीत नसते. मात्र वीस मुलांत तीन ३५ योगायोगानेही येऊ शकतात. मांडणी एवढे सांगते की इथे बघा. खात्री करायची तर उत्तरपत्रिका मागावी आणि प्रत्येक प्रश्नाचे गुण आपण स्वतः मिळवावेत. बेरीज ३२ भरली आणि वर ३५ लिहिलेले असेल, तर कळले. बेरीज ३५ च असेल तर शंका सोडून द्यावी.

मधल्या मोठ्या फटीचे कारणही मांडणी सांगत नाही. अर्धी मुले शिकवणीला जात असतील. अर्धी मुले दुसऱ्या प्राथमिक शाळेतून आली असतील आणि त्यांचे अपूर्णांक कच्चे राहिले असतील. किंवा प्रश्नपत्रिकेतला बीजगणिताचा मोठा भाग ज्यांना आला त्यांना आला, न आला त्यांना मुळीच नाही, असेही असेल. यातले कुठले, हे तपासायला पुन्हा हीच मांडणी कामाला येते. आता ‘ब’ तुकडीचीच वीस मुले घ्या. डावीकडे शिकवणीला जाणाऱ्यांची पाने, उजवीकडे न जाणाऱ्यांची. वरचा उंचवटा सगळा डावीकडे आणि खालचा सगळा उजवीकडे गेला, तर धागा हाती लागला. दोन्ही बाजूंना दोन्ही उंचवटे तसेच राहिले, तर कारण शिकवणीचे नाही, दुसरे शोधायचे. आमच्या मते पालकसभेत “माझी मुलगी कशी आहे?” विचारण्यापेक्षा “खालच्या दहा जणांचा कोणता प्रश्न सगळ्यांचा गेला?” हे विचारावे. त्याला टाळाटाळीचे उत्तर देता येत नाही.

वस्तीतली मोठी मुले संध्याकाळी लहानांचा अभ्यास घेतात, त्यांनाही यातून काम ठरवता येईल. ‘अ’ला मधल्या पातळीचा एक जादा वर्ग चालेल, कारण बरीच मुले मध्यातच आहेत. ‘ब’ला तोच वर्ग घेतला तर वरच्या दहांना कंटाळा येईल आणि खालच्या दहांच्या डोक्यावरून जाईल. तिथे दोन बैठका वेगळ्या हव्यात, आणि खालची बैठक मागच्या इयत्तेपासून सुरू व्हावी लागेल.

तुकड्यांचा पट सारखा नसेल, समजा एकीकडे वीस आणि दुसरीकडे चाळीस मुले असतील, तर ओळींची लांबी सरळ तोलू नये. चाळीसची प्रत्येक ओळ लांबच दिसणार. तिथे आकार पाहावा, उंचवटा कुठे आहे आणि फट कुठे आहे ते. कुणाला शंभर मिळाले तर खोड १० आणि पान ०.

सहामाहीचा कागद जपून ठेवा. वार्षिक परीक्षेनंतर ‘ब’चे सहामाहीचे गुण डावीकडे आणि वार्षिकचे उजवीकडे मांडा, खोडे तीच ठेवून. सरासरी दोन गुणांनी वाढली की तीन, ते मागाहून पाहू. आधी पन्नाशीच्या त्या रिकाम्या खोडाला किती पाने फुटली ते मोजा. आणि फुटली असतील तर ती खालून वर आलेल्यांची आहेत की वरून घसरलेल्यांची, हे नावे घेऊन पडताळा, कारण पानांवर नाव लिहिलेले नसते.