थकलेले भाडे, फुटलेला ओटा आणि सावित्रीचे पाणी

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत भाड्याच्या घराचा हिशेब मांडताना घरमालक आणि भाडेकरू यांच्या जोडीला पाऊस धरावाच लागतो, कारण वर्षातले चार महिने तो भिंतीत, छपरात आणि दारांच्या चौकटींत मुक्कामाला असतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत व सखल वस्तीत शिरले, आणि महाड तालुक्यातल्याच तळिये गावावर त्याच दिवशी दरड कोसळली. त्या पाण्याच्या खुणा कित्येक जुन्या भिंतींवर नंतरही दिसत राहिल्या. अशा ठिकाणी थकलेले भाडे आणि घराचे नुकसान या दोन्ही कारणांसाठी नोटीस द्यायची असेल, तर भाडेकरूने काय मोडले आणि नदीने किंवा काळाने काय मोडले याची फारकत नोटीस लिहिण्यापूर्वीच व्हायला हवी. ती न करता सगळे नुकसान एका रकमेत कोंबून पाठवलेली नोटीस कितीही कडक भाषेत असली, तरी न्यायालयात तिचे हसे होण्याची शक्यता अधिक.

अशा नोटिशीमागे मुख्यतः दोन कायदे असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा त्याच्या अनुसूचीत, म्हणजे अधिनियमाला जोडलेल्या यादीत, समाविष्ट असलेल्या क्षेत्रांना लागू होतो, म्हणून घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की एखाद्या वाडीत, हे पाहून ती यादी आधी तपासावी लागते. त्याच्या कलम १५ प्रमाणे भाडे थकले एवढ्याच कारणावरून लगेच ताबा मागता येत नाही; थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूवर बजावल्यानंतर नव्वद दिवस उलटेपर्यंत त्या कारणावरचा दावाच दाखल होत नाही. दुसरा कायदा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ हा असून, त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूची कर्तव्ये सांगितली आहेत. घर ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत ठेवणे व परत करणे हे त्यांपैकी एक, मात्र त्याला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद वाजवी झिजेचा, म्हणजे नीट वापर करूनही काळाच्या ओघात होणाऱ्या घसाऱ्याचा, आणि दुसरा ज्या शक्तीपुढे माणसाचा इलाज चालत नाही तिच्यामुळे झालेल्या बदलाचा. सावित्रीचा पूर दुसऱ्या अपवादात बसतो, हे सांगायला वकिलाची गरज नाही. तरीही पुरात फुगलेल्या दाराचे पैसे भाडेकरूकडे मागणाऱ्या नोटिसा निघू शकतात, आणि त्यांतून मालकाच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

फारकत डोळ्यांनी करता येते. पुराच्या पाण्याची रेघ सर्व खोल्यांत, चौकटींवर आणि बहुधा शेजारच्या घरातही एकाच उंचीवर, समपातळीत असते. जमिनीतून जोत्यामार्गे वर चढणारी ओल खालून वर विरत जाते, तिची कड वेडीवाकडी असते आणि वाळल्यावर तिथे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटतो. जांभ्याच्या भिंतींत ही ओल विशेष दिसते. नळातून होणारी गळती त्या नळाभोवती डागाच्या रूपाने राहते. भाडेकरूच्या हातून झालेले नुकसान मात्र वापराच्या जागी, एखाद्या बिंदूभोवती सापडते. ज्या घरात २०२१ चे पाणी शिरले होते, त्या घराबाबत तलाठ्याने केलेला पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष लिहिलेली नुकसानीची नोंद, उपलब्ध असेल तर आधी काय मोडले होते याचा तो सर्वांत भक्कम पुरावा होय, आणि तो काढून पाहणे मालकाच्याच हिताचे असते.

एक काल्पनिक, पण या भागात सहज घडण्यासारखे उदाहरण घेऊन ही पद्धत तपासता येईल. पुरानंतर दुरुस्त केलेले, कौलारू छपराचे एक घर डिसेंबर २०२१ पासून दरमहा ६,००० रुपये भाड्याने दिलेले आहे आणि फेब्रुवारी ते मे २०२५ या चार महिन्यांचे भाडे, म्हणजे २४,००० रुपये, थकले आहे. याच काळात छप्पर गळू लागल्याने भाडेकरूने मालकाला लेखी कळवले, मालकाने लक्ष दिले नाही, आणि शेवटी भाडेकरूने कौले व कोने बदलून ३,५०० रुपयांचे बिल ठेवले. घर राहण्याजोगे ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्ती भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे मालकाकडे असते; किमान पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊनही त्याने ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. येथे वर्षाचे भाडे ७२,००० आणि चौथा हिस्सा १८,००० रुपये होत असल्याने ३,५०० रुपयांची वजावट मर्यादेच्या आत आहे. म्हणून मागणीचा आकडा २०,५०० रुपये येतो. ही वजावट मालकाने स्वतःहून दाखवणे हा भोळेपणा ठरत नाही. जी गोष्ट दुसरी बाजू पहिल्याच उत्तरात सांगणार आहे, ती आपल्या कागदात आधी आलेली बरी.

घरातल्या नुकसानीची पाहणी दिवसा, पूर्वसूचना देऊन आणि शक्यतो भाडेकरूच्या समोर करावी. मागच्या खोलीचा रंग जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत सुटला आहे आणि तिथे लोणा फुटला आहे; कोकणातल्या पावसाचे तीन हंगाम सोसलेल्या रंगाची ती झीज असल्याने तिची आकारणी शून्य. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा आरपार तडकला आहे, आणि तडे एका बिंदूपासून चहूकडे फाकले आहेत. आधार खचल्यामुळे पडलेली चीर सहसा आधाराच्या रेषेने जाते व भिंतीतही दिसते. येथे ती तशी नाही, तेव्हा ओट्यावर नारळ फोडणे किंवा खलबत्ता आपटणे यांसारखा आघात हेच कारण संभवते. न्हाणीघराच्या दाराची खालची कड ओलाव्याने फुगली आहे, ती झीज झाली. पण त्याच दारात कमरेच्या उंचीवर पडलेले भोक पाण्याने पडलेले नाही.

आता या दोन वस्तूंसाठी किती मागायचे, हा प्रश्न उरतो. कडप्पा योग्य वापरात पिढ्यानपिढ्या टिकतो, त्यामुळे मजुरीसह त्याचा पूर्ण खर्च, समजा ४,००० रुपये, धरणे न्याय्य आहे. दार पुरानंतर, डिसेंबर २०२१ मध्ये, नवे बसवले होते. ओल्या न्हाणीत अशा दाराचे आयुष्य सुताराच्या अंदाजाने सात वर्षे असेल, तर त्यातली साडेतीन वर्षे मालकाने भाड्याच्या रूपाने वसूल केलेलीच आहेत, आणि नव्या दाराला ५,००० रुपये लागत असले तरी मागणी २,५०० रुपयांचीच व्हावी. ही वर्षे कायद्यात लिहिलेली नाहीत. ती कारागिराच्या लेखी अंदाजावर उभी असतात, म्हणून तो अंदाज नोटिशीला जोडावा. एकूण नुकसान ६,५०० रुपये.

हे ६,५०० रुपये २०,५०० मध्ये मिळवून २७,००० ची एकच मागणी करण्याचा मोह नोटीस लिहिणाऱ्याला हमखास होतो, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाऊ शकते. कलम १५ ची नोटीस भाड्याची व कायद्याने अनुज्ञेय वाढीची आहे, कारण तेवढी रक्कम भरून भाडेकरार वाचवण्याची संधी कायदा भाडेकरूला देतो. त्या रकमेत नुकसानभरपाई मिसळली, तर भाडेकरूने नेमके किती भरायचे हेच कळेनासे होते. नुकसानीचे घड्याळही वेगळे आहे. कलम १०८ प्रमाणे भाडेकरूच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे झालेला दोष मालकाने नोटिशीने दाखवून दिल्यावर तो तीन महिन्यांत दुरुस्त करून देणे भाडेकरूवर बंधनकारक असते, म्हणजे मालकाला पहिल्या पायरीवर दुरुस्ती मागता येते आणि पैशांचा आकडा ती न झाल्यास काय होईल एवढे सांगण्यापुरता येतो. नुकसान एवढ्या थराला गेले की घराला कायमची इजा झाली, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे तेही ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण ठरते. पण तडकलेला ओटा आणि दारातले भोक यांना त्या थराचे नुकसान म्हणणे ही अतिशयोक्ती होईल, आणि नोटिशीत तशी धमकी नसावी.

नोटिशीचा मजकूर त्यामुळे दोन वेगळ्या परिच्छेदांत विभागला जातो. पहिल्यात असे लिहिता येईल: “आपणाकडे फेब्रुवारी ते मे २०२५ चे भाडे २४,००० रुपये येणे असून, छपराच्या दुरुस्तीचे ३,५०० रुपये वजा जाता २०,५०० रुपये बाकी आहेत, ही नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत ती रक्कम भरावी, अन्यथा ताब्याचा दावा दाखल करण्यात येईल.” दुसऱ्यात: “ओटा व न्हाणीघराचे दार यांचे सोबतच्या छायाचित्रांत दाखवलेले नुकसान तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यावे, न केल्यास त्याचा ६,५०० रुपये खर्च स्वतंत्रपणे वसूल करण्यात येईल. मागील खोलीच्या रंगाबद्दल कोणतीही मागणी नाही.” हे शेवटचे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटेल, पण उरलेल्या दोन मागण्यांचे वजन त्यानेच वाढते.

नोटीस लेखी व सही केलेली असावी, आणि ती टपालाने पाठवता येते, हातोहात भाडेकरूला किंवा राहत्या घरी त्याच्या कुटुंबीयाला देता येते, तेही शक्य नसेल तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. टपालाची पोच जपून ठेवावी, कारण दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजले जात नाहीत, ते बजावणीपासून मोजले जातात. उदाहरणातली नोटीस १० जूनची असली आणि १४ जून २०२५ रोजी पोचली असली, तर १५ जूनपासून मोजता नव्वदावा दिवस १२ सप्टेंबरला येतो. मधल्या दिवसांत २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आहे आणि पाऊस तर आहेच. घाईला आलेल्या मालकाने या काळात पाणी किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली तो स्वतःच आरोपी होतो आणि थकबाकीचा विषय बाजूला पडतो. भाडेकरूने मनीऑर्डर पाठवली, तर ती परत करण्यातही शहाणपण नाही, कारण भाडे भरण्याची तयारी होती हे दाखवायला त्याला तेवढा कागद पुरतो.

मुदतीनंतर दावा झाला तरी भाडेकरूसाठी दार पुरते बंद होत नाही. समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत भाडेकरूने संपूर्ण थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. वीस हजार पाचशे रुपयांवर वर्षाचे व्याज ३,०७५ रुपये होते, आणि ज्या भाडेकरूला घर सोडायचे नाही त्याने हा आकडा नोटीस हातात पडताच लक्षात घ्यावा. येथवरचे सर्व विवेचन भाडेकराराला लागू आहे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत परवाना, ज्याला बोलीभाषेत लिव्ह अँड लायसन्स म्हणतात, त्याची मुदत संपल्यावर राहत्या घराचा ताबा कलम २४ च्या वेगळ्या मार्गाने मागावा लागतो आणि तिथे हे नव्वद दिवस आड येत नाहीत. करार कोणताही असो, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

उदाहरणातल्या भाडेकरूने १२ सप्टेंबरपर्यंत २०,५०० रुपये आणून दिले, तर या थकबाकीपुरते ताब्याचे कारण संपते, ओटा आणि दार यांचा हिशेब वेगळा चालू राहतो, आणि मिळालेल्या रकमेची लेखी पावती तिथल्या तिथे देणे घरमालकावर बंधनकारक असते.