विश्लेषण : वेग पुरेसा, तरी विमान का कोसळते? तीव्र वळण आणि स्टॉलचे गणित

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फेअरचाइल्ड हवाई तळावर २४ जून १९९४ रोजी हवाई प्रदर्शनाचा सराव सुरू होता. उतरण्याच्या बेतात असलेल्या बी-५२ बॉम्बरला धावपट्टीवर आधीच दुसरे विमान असल्याने पुन्हा वर जावे लागले. वैमानिकाने जमिनीपासून जेमतेम २५० फुटांवर कंट्रोल टॉवरभोवती डावीकडे तीव्र वळण घेतले. काही सेकंदांत विमान कोसळले आणि आतील चारही अधिकारी मृत्युमुखी पडले. वळणाच्या सुरुवातीला वेग १८२ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ३३७ किलोमीटर होता. सरळ उड्डाणासाठी तो पुरेसा होता. मग घात कुठे झाला?

लोड फॅक्टर म्हणजे काय?

पंखांवर निर्माण होणारे उचलणारे बल, म्हणजे लिफ्ट, नेहमी पंखांना काटकोनात असते. विमान सरळ असताना ते पूर्णपणे वरच्या दिशेने काम करते आणि वजन तोलून धरते. विमान कलले की हे बलही कलते. त्याचा एक हिस्सा विमानाला वळवतो आणि वजन पेलायला उरलेलाच हिस्सा मिळतो. कोन ६० अंशांचा असेल तर हा हिस्सा निम्माच राहतो. त्यामुळे उंची टिकवायची तर पंखांना वजनाच्या दुप्पट लिफ्ट द्यावी लागते. लिफ्ट आणि वजन यांच्या या गुणोत्तराला लोड फॅक्टर म्हणतात. अशा वळणात ७० किलोच्या माणसाला आपण १४० किलोचे झालो आहोत, असे वाटते.

ही वाढ सरळ रेषेत होत नाही. ३० अंशांना लोड फॅक्टर १.१५ असतो, ४५ अंशांना १.४१, ६० अंशांना २ आणि ७५ अंशांना ३.८६. म्हणजे शेवटचे १५ अंश पहिल्या ४५ अंशांपेक्षा कितीतरी महाग पडतात. प्रवासी विमाने एरवी २५-३० अंशांपलीकडे का कलत नाहीत, याचेही उत्तर यात आहे.

मग स्टॉलचा वेग का वाढतो?

जास्त लिफ्ट मिळवण्यासाठी वैमानिक कंट्रोल मागे ओढतो. त्यामुळे पंख समोरून येणाऱ्या हवेला अधिक मोठ्या कोनात सामोरे जातात. पण या कोनाला मर्यादा आहे. ती ओलांडली की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते, लिफ्ट कोसळते आणि विमान स्टॉल होते.

या कमाल कोनावर मिळणारी लिफ्ट वेगाच्या वर्गानुसार बदलते. म्हणून दुप्पट लिफ्ट हवी असेल तर वेग दोनाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे १.४१ पट लागतो. सरळ उड्डाणात ५० नॉट्सला स्टॉल होणारे छोटे विमान ६० अंशांच्या वळणात सुमारे ७१ नॉट्सलाच स्टॉल होते.

बी-५२चे काय झाले?

त्या विमानाचा ६० अंशांच्या वळणातील स्टॉलचा वेग १४७ नॉट्स होता. उलटे गणित केले तर सरळ उड्डाणात तो साधारण १०४ येतो. वळणात पंखांना जास्त लिफ्ट द्यावी लागली की हवेचा अडथळाही वाढतो आणि वेग घटतो. विमानाचा वेग १४५ नॉट्सपर्यंत उतरला. त्याच वेळी त्याचे कलणेही वाढत होते. ७० अंशांना हाच स्टॉलचा वेग सुमारे १७८ नॉट्स होतो. एकीकडे प्रत्यक्ष वेग खाली येत होता, दुसरीकडे लागणारा किमान वेग वर चढत होता. दोन्ही रेषा एकमेकींना छेदून गेल्या.

यातून सुटता येते का?

येते, पण उंची हाताशी असेल तर. वरचे गणित उंची टिकवून घेतलेल्या वळणाचे आहे. नुसते कलल्याने स्टॉलचा वेग वाढत नाही. तो वाढतो, कारण उंची राखण्यासाठी कंट्रोल ओढला जातो. ओढणे सैल केले की लोड फॅक्टर कमी होतो, स्टॉलचा वेगही उतरतो आणि विमान खाली येऊ लागते. म्हणून स्टॉलचा इशारा वाजला किंवा विमान थरथरू लागले, की आधी कंट्रोल पुढे ढकलायचा आणि मग पंख सरळ करायचे, हा क्रम शिकवला जातो.

जमीन समोर दिसत असताना हात मात्र नेमका उलट वागतो, तो कंट्रोल आणखी ओढतो. धावपट्टीकडे वळताना पुढे निघून गेलेला शिकाऊ वैमानिक वळण आवळतो, तेव्हा हाच धोका असतो. पुस्तिकेतला स्टॉलचा वेग सरळ उड्डाणासाठीचा असतो. वळणात तो तसाच राहतो, असे समजणे ही खरी चूक. म्हणून जमिनीलगत तीव्र वळण घेऊन धावपट्टी गाठण्याचा अट्टहास करण्यापेक्षा पंख सरळ करून वर जाणे आणि पुन्हा फेरी मारणे हेच शहाणपणाचे. २५० फुटांवर चूक सुधारायला जागाच उरत नाही.